चार टक्क्यांची घट, पण कुठून?

प्रश्न पाच मार्कांचा होता. दुसऱ्या वर्षाच्या स्थूल अर्थशास्त्राच्या पेपरात असे प्रश्न दर सत्राला असतात. "एका अर्थव्यवस्थेत संभाव्य उत्पादन दरवर्षी 3 टक्क्यांनी वाढते. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्यक्ष उत्पादन संभाव्य उत्पादनाइतकेच असून बेरोजगारीचा दर 5 टक्के आहे. त्या वर्षी प्रत्यक्ष उत्पादन 4 टक्क्यांनी घटले. ओकुन गुणांक 2 धरून वर्षाअखेरचा बेरोजगारीचा दर काढा." संभाव्य उत्पादन म्हणजे सगळ्यांना काम असतं तर जेवढं झालं असतं तेवढं, आणि ओकुन गुणांक 2 म्हणजे उत्पादनातल्या दोन टक्क्यांमागे बेरोजगारीचा एक पॉइंट. आदर्श उत्तरपत्रिकेत उत्तर होतं 7 टक्के. चाराला दोनाने भागा, दोन आले, पाचात मिळवा, संपलं.

आमचं कॉलेज परळ भागातलं, स्वायत्त. त्यामुळे पेपर आम्हीच काढतो, आम्हीच तपासतो आणि निकालाआधी मुलांना तपासलेले पेपर दाखवतो. पेपर दाखवायचा दिवस म्हणजे स्टाफरूमच्या दाराशी जत्रा. एक मार्क वाढवून द्या, अर्धा तरी द्या, असंच बहुतेकांचं चाललेलं असतं. मी त्या विषयाचा मॉडरेटर होतो, म्हणून कोपऱ्यातल्या टेबलावर गठ्ठा घेऊन बसलो होतो.

लालबागची एक मुलगी आली. तिचं उत्तर होतं 8.4 आणि त्यावर लाल काट. तिने मार्क मागितले नाहीत. तिने विचारलं, "सर, 7 बरोबर असेल तर 3 टक्के दिले कशाला?"

मी तिची मांडणी वाचली. सुरुवातीचं उत्पादन तिने 10,000 धरलं होतं. वर्षभरात संभाव्य उत्पादन झालं 10,300 आणि प्रत्यक्ष उत्पादन उतरलं 9,600 वर. तफावत 700 ची. 700 भागिले 10,300 म्हणजे सुमारे 6.8 टक्के, त्याच्या निम्मे 3.4, आणि 5 अधिक 3.4 म्हणजे 8.4. एकही पायरी गाळलेली नव्हती.

मग गठ्ठा पुन्हा चाळला. बहुतेकांचं 7 होतं. दोघा-तिघांचं 13, म्हणजे भागायच्या जागी त्यांनी गुणलं होतं. एकाचं 5.1 होतं, आणि ही चूक फार जुनी: दोन आले ते बरोबर, पण त्याने पाचाचे दोन टक्के काढून 0.1 मिळवला. बेरोजगारीचा दर स्वतःच टक्क्यांत असतो, त्यामुळे त्यातली वाढ पर्सेंटेज पॉइंटमध्ये मोजायची असते, टक्क्यांचे टक्के काढायचे नसतात. आणि एका मुलाचं 8.5 होतं. त्याने सरळ 3 आणि 4 मिळवून 7 केले, निम्मे करून साडेतीन. त्यालाही काट.

पेपर काढणाऱ्या मॅडम शेजारीच होत्या. मी त्यांना दोन्ही पेपर दाखवले. त्या म्हणाल्या, "अहो, 3 टक्के मुद्दाम दिलेत. नको असलेला आकडा कोण ओळखतं ते बघायला. नियम काय म्हणतो? उत्पादन दोन टक्के पडलं की बेरोजगारी एक पॉइंट वाढते."

नियम असा तोंडपाठ केला जातो, तिथेच घोळ होतो. पडलं, पण कुठून पडलं? गेल्या वर्षीच्या पातळीवरून, की या वर्षी जिथे असायला हवं होतं तिथून? ओकुनच्या नियमातली घट ही दुसरी घट. मुळात त्याचा प्रश्नच तो होता. आर्थर ओकुन हा अमेरिकेत केनेडींच्या काळात अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळात काम करत होता. 1962 च्या त्याच्या निबंधाचा विषय होता की सगळ्यांना काम असतं, तर देशाचं उत्पादन किती झालं असतं. तेव्हा 4 टक्के बेरोजगारी म्हणजे पूर्ण रोजगार असं धरून त्याने अमेरिकेचे आकडे तपासले. त्यात बेरोजगारीच्या एका जादा पॉइंटमागे उत्पादनात सुमारे 3 टक्क्यांची तूट त्याला दिसली. आजची पाठ्यपुस्तकं तीनाऐवजी बहुधा दोन वापरतात.

मॅडमना मी ओकुनचंच एक समीकरण लिहून दाखवलं. तिमाही आकड्यांवरून त्याने काढलं होतं की बेरोजगारीतला बदल म्हणजे 0.3 वजा उत्पादनवाढीच्या 0.3 पट. आता वाढीच्या जागी शून्य घाला. उत्पादन तसूभरही पडलं नाही, जिथल्या तिथे राहिलं, तरी एका तिमाहीत बेरोजगारी 0.3 पॉइंटने वाढते. कारण साधं आहे. दरवर्षी कामाच्या वयाची नवी माणसं बाजारात येतात, आणि असलेल्या माणसांचं प्रत्येकी उत्पादनही थोडं थोडं वाढत असतं. तेवढाच माल काढायला दरवर्षी कमी हात लागतात, आणि हात मात्र वाढलेले असतात. म्हणजे उत्पादन नुसतं टिकलं तरी माणसं उरतात. मॅडमच्या पद्धतीने शून्य भागिले दोन म्हणजे शून्य, बेरोजगारी हललीच नाही.

त्यांना ते पटायला लागलं होतं, पण त्या म्हणाल्या, "हे झालं कागदावर. प्रत्यक्षात?" रास्त शंका. मी 1991 चं अमेरिकेचं वर्ष काढलं. मला ते फार आवडतं, कारण त्या वर्षी उत्पादन जवळपास हललंच नाही, जेमतेम 0.1 टक्का घटलं. बेरोजगारीची वार्षिक सरासरी मात्र 5.6 वरून 6.8 वर गेली, म्हणजे 1.2 पॉइंट. गेल्या वर्षापासून घट मोजली तर नियम सांगतो वाढ 0.05. संभाव्य वाढ 3 टक्के धरून मोजली तर 3.1 चे निम्मे, 1.55. हेही नेमकं नाही, पण निदान त्याच गल्लीतलं आहे. 1982 चं घ्या: उत्पादन 1.8 टक्के घटलं, बेरोजगारी 7.6 वरून 9.7 वर. पहिल्या पद्धतीने वाढ 0.9 यायला हवी, दुसऱ्या पद्धतीने 2.4. झाली 2.1.

दोनानेच का भागायचं, हेही मुलं कधी विचारत नाहीत. कारखान्यात ऑर्डर कमी झाल्या की मालक पहिल्या दिवशी माणसं काढत नाही. आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग एक पाळी कमी होते, मग कंत्राटी कामगारांना ब्रेक मिळतो. हातात कसब असलेला कायम कामगार सगळ्यात शेवटी जातो, कारण मंदी सरल्यावर तसा माणूस पुन्हा मिळत नाही. शिवाय काम गेलेल्यांपैकी काही जण शोधणंच सोडून देतात, आणि जो शोधत नाही तो बेरोजगारांत मोजला जात नाही. म्हणून उत्पादनातली तूट मोठी असते आणि बेरोजगारीतली वाढ त्याहून लहान दिसते. जिथे कामावरून काढणं सोपं, तिथे हा गुणांक लहान. जिथे अवघड, तिथे मोठा. दोन हा काही निसर्गाने दिलेला आकडा नव्हे.

विभागप्रमुखांना बोलावलं. निर्णय असा झाला की 8.4 आणि 8.5 दोघांना पूर्ण मार्क. दोघांतला फरक पद्धतीचा आहे: एकाने नव्या संभाव्य पातळीने रीतसर भागलं, दुसऱ्याने टक्के सरळ मिळवले, आणि आकडे लहान असताना ते चालतं. 7 वाल्यांना मांडणीचे दोन मार्क ठेवले. त्यावरून मॅडमशी थोडी वादावादी झाली, पण सगळ्यांना पूर्ण देणं मला मान्य नव्हतं. दिलेला आकडा वापरला नाही, तर का नाही हे निदान लिहायला हवं होतं.

एवढं होईतो दुपार झाली होती. ती मुलगी मार्क घेऊन जाईल असं वाटलं, पण ती थांबली. म्हणाली, "सर, मग हे आपल्याकडे लावून बघू?" तिच्या वडिलांचं काम 2020 मध्ये गेलं होतं. ते धारावीत एका शिलाई कारखान्यात होते. लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद पडला, सगळे संगमेश्वरकडे गावी गेले, आणि वडील वर्षभर भावाच्या भातशेतीत राबले. पगार नाही, घरचंच काम.

आम्ही लावून बघितलं. 2020-21 मध्ये भारताचा जीडीपी अंतिम आकड्यांप्रमाणे 5.8 टक्क्यांनी आक्रसला. संभाव्य वाढ अगदी कमी, 5 टक्के धरली तरी तफावत जवळपास 11 टक्के. गुणांक 2 धरला तर बेरोजगारी पाच-साडेपाच पॉइंटने वाढायला हवी. सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात नेहमीच्या स्थितीनुसार, म्हणजे गेल्या वर्षभरातलं काम बघून, बेरोजगारीचा दर 2019-20 मध्ये 4.8 टक्के होता आणि 2020-21 मध्ये 4.2. सर्वेक्षणाचं वर्ष तेव्हा जुलै ते जून असायचं, म्हणजे महिने तंतोतंत जुळत नाहीत. पण त्याने चिन्ह उलटं होत नाही. दर चक्क घटला होता.

"माझे बाबा यात कुठे आहेत?" तिने विचारलं.

रोजगारात. घरच्या शेतीत बिनपगारी मदत करणारा माणूस सर्वेक्षणात कामावर असलेलाच धरला जातो. तो काम शोधत नव्हता, करत होता. त्याच सर्वेक्षणात शेतीवरच्या माणसांचा वाटा 2018-19 मध्ये 42.5 टक्के होता, तो 2020-21 पर्यंत 46.5 वर गेला. शिलाईयंत्रावरून माणूस बांधावर गेला, उत्पादन पडलं, आणि बेरोजगारांच्या रकान्यात त्याची नोंदच झाली नाही. ओकुनच्या नियमाला असं गृहीत धरावं लागतं की काम गेलेला माणूस कामाच्या शोधात रांगेत उभा राहील. बेकारभत्ता असलेल्या देशात तो राहू शकतो. आपल्याकडे रांगेत उभं राहणं परवडायला हवं.

ती म्हणाली, "पण तेव्हा मुंबईत तर सगळेच घरी बसले होते." तेही खरं. त्याच सर्वेक्षणाचे शहरी तिमाही आकडे चालू आठवड्याच्या स्थितीवर असतात, म्हणजे गेल्या सात दिवसांत एक तास तरी काम होतं का, एवढंच बघतात. त्यात एप्रिल ते जून 2020 चा दर जवळपास 21 टक्के आहे, आणि आदल्या वर्षी त्याच तिमाहीत तो 9 च्या आसपास होता. तिथे नियमाची दिशा बरोबर येते. मोजपट्टी कोणती घेतो यावर भारतात चिन्हसुद्धा बदलतं.

"मग परीक्षेत भारत आला तर?"

मी सांगितलं, गुणांक आणि संभाव्य वाढ दिली असेल तर गणित करायचं, आणि खाली एका ओळीत लिहायचं की दर नेहमीच्या स्थितीचा आहे की चालू आठवड्याच्या. तेवढं तिने उत्तरपत्रिकेच्या मागे पेन्सिलने लिहून घेतलं. उत्तरपत्रिका परत द्यायची असते, हे तिला शिपायाने आठवण करून दिल्यावर तिने मोबाइलवर फोटो काढला.

पुढच्या सत्राचा पेपर मॅडमनीच काढला. प्रश्नाचे आता दोन भाग होते: अ, उत्पादन 2 टक्क्यांनी घटल्यास बेरोजगारीचा दर काढा, ब, उत्पादन 1 टक्क्याने वाढूनही बेरोजगारी का वाढली, ते गणिताने दाखवा. ब मध्ये निम्मा वर्ग अडकला.