एअर-कोअर ट्रान्सफॉर्मर: इनपुट इम्पीडन्सचा हिशोब आणि मोजमाप

या टप्प्यात प्रायमरी आणि सेकंडरी दोन्ही कॉइल गुंडाळून झाल्या. 50 मिमीच्या पीव्हीसी पाइपवर 0.8 मिमी इनॅमल तारेचे 32 वेढे ही प्रायमरी. 40 मिमीच्या पाइपवर त्याच तारेचे 22 वेढे ही सेकंडरी, आणि ती पहिल्या पाइपच्या आत सरकते. वारंवारिता मुद्दाम 159 किलोहर्ट्झ ठेवली आहे. तिथे ω जवळजवळ 10⁶ येतो, त्यामुळे जितके मायक्रोहेन्री तितकाच रिॲक्टन्स ओहममध्ये, आणि तोंडी हिशोब जमतो.

मीटरवर L1 = 50 आणि L2 = 20 मायक्रोहेन्री मिळाले. तारेचा रोध मात्र मल्टिमीटरचा धरू नका. प्रायमरीच्या पाच मीटर तारेचा डीसी रोध 0.17 ओहमच्या आसपास आहे, पण या वारंवारितेला प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे ढकलला जातो आणि शेजारचे वेढे त्यात भर घालतात. त्यामुळे प्रत्यक्षात R1 = 0.8 आणि R2 = 0.4 ओहम धरावे लागले.

आता k, म्हणजे दोन कॉइलमधला कपलिंग गुणांक. आतली कॉइल अर्धवट बाहेर ओढून टेपने पक्की केली आणि दोन्ही कॉइल सिरीजमध्ये जोडल्या. एका दिशेने 94 मायक्रोहेन्री, सेकंडरीची टोके उलटवून 46. M म्हणजे दोन कॉइलमधला परस्पर इंडक्टन्स. दोन्हींतला फरक 4M असतो, म्हणून M = 12 मायक्रोहेन्री.

```
k = M/√(L1·L2) = 12/√1000 = 0.379
```

हाच आकडा दुसऱ्या वाटेने पडताळता येतो. सेकंडरी शॉर्ट करून प्रायमरी मोजली तर L1(1−k²), म्हणजे 42.8 मायक्रोहेन्री दिसायला हवेत. दोन्ही वाटांचे k जुळले नाहीत, तर कॉइल हलली आहे किंवा टेबलाखाली लोखंडी पत्रा आहे, असे समजा.

सेकंडरीवर 10 ओहमचा लोड लावला की दोन लूप समीकरणे अशी:

```
V = (R1 + jωL1)·I1 − jωM·I2
0 = −jωM·I1 + (R2 + RL + jωL2)·I2
```

दुसऱ्यातून I2 काढून पहिल्यात घातला की प्रायमरीत एक जादा पद उरते: (ωM)²/Z22. Z22 म्हणजे लोड धरून सेकंडरी लूपचा एकूण इम्पीडन्स. हे जादा पद म्हणजेच परावर्तित इम्पीडन्स Zr. यात M चा वर्ग आहे, म्हणून कॉइलची दिशा दाखवणारे ठिपके कुठल्याही टोकाला असले तरी इनपुट इम्पीडन्स तोच राहतो.

```
Z22 = 10.4 + j20
Zr  = 144/(10.4 + j20) = 2.95 − j5.67
Zin = 0.8 + j50 + Zr   = 3.75 + j44.33  (≈ 44.5 Ω, 85.2°)
```

इथे नीट थांबून पाहा. सेकंडरी इंडक्टिव्ह आहे, पण प्रायमरीत तिची छाया कपॅसिटिव्ह पडते, कारण Z22 भाजकात आहे. म्हणून लोड लावल्यावर प्रायमरीचा रिॲक्टन्स 50 वरून 44.3 वर उतरतो. त्या 3.75 ओहमपैकी 2.95 सेकंडरीकडून आले आहेत, आणि त्यातलाही 10/10.4 एवढाच वाटा खऱ्या लोडचा. कार्यक्षमता सुमारे 76 टक्के.

मोजमापात खरा घोळ कोनाचा. प्रायमरीच्या सिरीजमध्ये 10 ओहमचा रेझिस्टर घालून स्कोपवर दोन व्होल्टेज पाहिली, की इम्पीडन्सचे मान लगेच जुळते. पण 85 अंशांजवळ एका अंशाची चूक रोधात 0.77 ओहमची चूक होते, आणि इथे एक अंश म्हणजे फक्त 17.5 नॅनोसेकंद. दोन्ही प्रोब आधी एकाच बिंदूवर लावून त्यांच्यातला वेळेचा फरक वजा करा. सिरीजचा रेझिस्टर वायरवाउंड नको. त्याच्यात एक मायक्रोहेन्री असला तरी कोन 5.7 अंशांनी घसरतो आणि 3.75 ऐवजी सुमारे 8 ओहम दिसतात. मान मात्र जेमतेम अर्ध्या टक्क्याने हलते, त्यामुळे चूक चटकन लक्षात येत नाही. कार्बन फिल्मचे 100 ओहमचे दहा रेझिस्टर समांतर जोडले की काम भागते.

पुढे सेकंडरीच्या सिरीजमध्ये कपॅसिटर घातला. अचूक जुळणीला 50 नॅनोफॅरड हवा. हाताशी 47 चा फिल्म कपॅसिटर होता. त्याचा रिॲक्टन्स −21.28, म्हणून Z22 = 10.4 − j1.28.

```
Zr  = 13.64 + j1.68
Zin = 14.44 + j51.68
```

आता परावर्तित भाग इंडक्टिव्ह झाला आणि रिॲक्टन्स 50 च्या वर गेला. कपॅसिटर बदलताना हे चिन्हच पाहायचे: लोडसह रिॲक्टन्स 50 च्या खाली आला तर कपॅसिटर गरजेपेक्षा मोठा, वर गेला तर लहान. कार्यक्षमता 91 टक्क्यांपर्यंत चढली. प्रायमरीचे j51.68 मात्र तसेच उरले आहेत. ते कापायला सिरीजमध्ये सुमारे 19 नॅनोफॅरड लागतील. आतली कॉइल जराही सरकवली तर k बदलतो, म्हणून आधी तिची जागा चिकटवून कायम करायची आणि मगच तो कपॅसिटर निवडायचा.