रेशनकार्डावरची तीन नावं

नागपूरच्या जिल्हा न्यायालयात मी दिवाणी काम करते. वारस प्रमाणपत्राचा अर्ज म्हणजे आमच्याकडे ज्युनिअरला शिकायला द्यायचं काम. मृत्यूचा दाखला, आधार, रेशनकार्ड, प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, कोणी हरकत घेतली नाही की पुरावा आणि आदेश. म्हणूनच या प्रकरणात मी बेसावध राहिले, हे आधीच सांगून टाकते.

ताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचे यजमान जाऊन चार महिने झाले होते. वय सेहेचाळीस, हृदयविकार. मुलगा एकोणीस वर्षांचा, मुलगी पंधराची. बँकेत 12 लाखांची मुदत ठेव, तिच्यावर नॉमिनी कोणीच नाही, आणि शहरात यजमानांच्याच नावावरचं एक घर. बँकेनं लेखी सांगितलं होतं, वारस प्रमाणपत्र आणा. त्याआधी ताई दोनदा तहसील कार्यालयात जाऊन आल्या होत्या. दुसऱ्या राज्यातल्या बहिणीनं फोनवर सांगितलं होतं, "आमच्याकडे तहसीलदारच देतात." काही राज्यांत देतातही. आपल्याकडे तलाठी वारस नोंद करतो ती शेतजमिनीच्या फेरफारासाठी. बँकेला चालेल असा दाखला दिवाणी कोर्टातून घ्यावा लागतो. मयत जिथं कायम राहत होता, तिथल्या कोर्टात.

"अर्ज मीच करायचा ना? बचत खात्यावर नॉमिनी मीच होते, ते पैसे मिळालेसुद्धा," त्या म्हणाल्या. अर्ज कोणताही वारस करू शकतो. बायको, मुलगा, मुलगी, कोणीही एक. बाकीच्या सगळ्यांना त्यात पक्षकार म्हणून दाखवावं लागतं. मुलगी अज्ञान असल्यानं तिच्या वतीनं आई. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँकेनं पैसे कोणाच्या हाती द्यायचे, एवढंच नॉमिनेशननं ठरतं. ते हाती घेणाऱ्यानं पुढं वारसांना त्यांचा वाटा द्यायचा असतो. हे मी ताईंना अगदी नीट समजावलं. वारस कोण, हे मात्र रेशनकार्ड पाहून लिहिलं. कार्डावर यजमानांचं नाव कमी होऊन तीन नावं राहिली होती, अर्जातही तीनच गेली.

नोटीस छापून आली. हरकतीसाठी तीस दिवसांची मुदत होती. तारखेच्या दिवशी पुकारा झाला, मी उभी राहिले आणि मागच्या बाकावरून एक गृहस्थ उठले. अंगात पांढरा सदरा, हातात नोटिशीचं घडी घातलेलं कात्रण. "साहेब, आमची आई जिती आहे. हिच्यात तिचं नाव नाही."

ते ताईंचे भासरे होते, काटोलचे. मी ताईंकडे पाहिलं. "त्या त्यांच्याकडेच असतात ना," त्या हळूच म्हणाल्या. त्यात लबाडी नव्हती. सासूबाई दहा वर्षांपासून मोठ्या मुलाकडे, त्यांचं रेशनकार्ड तिकडचं, म्हणून त्या ताईंच्या मनातल्या 'आमच्या घरात' बसत नव्हत्या. पण 1956च्या हिंदू वारसा कायद्यात पुरुषाच्या वर्ग एकच्या वारसांमध्ये विधवा, मुलगा, मुलगी यांच्या बरोबरीनं आई आहे. राहते कुठं, हा प्रश्नच येत नाही. गंमत म्हणजे वडील वर्ग दोनमध्ये आहेत. वर्ग एकमधलं कोणी असेल तर त्यांना काहीच मिळत नाही. आमच्या केसमध्ये ते आधीच वारले होते. म्हणजे वाटेकरी तीन नव्हे, चार. 12 लाखांत प्रत्येकी 3.

भासऱ्यांची हरकत आली नसती तर प्रमाणपत्र मिळालं असतं, आणि पुढं केव्हाही वारस लपवला म्हणून ते रद्द करायला अर्ज झाला असता. प्रतिज्ञापत्रावर सही ताईंची, मसुदा माझा. रेशनकार्ड सांगतं एका चुलीवर कोण जेवतं, आणि मी ते वारसांची यादी म्हणून वाचलं होतं.

दुरुस्ती अर्ज दिला, नवी नोटीस काढली आणि आजींच्या प्रतिज्ञापत्रासाठी मी स्वतः काटोलला गेले. आजी अंगणात संत्र्याच्या पेटीवर बसल्या होत्या. "मले काही नको बाप्पा. पोरगा गेला, त्याच्या पैशाचं मी काय करू? लिहून घ्या, सुनेला द्या."

इथंच बहुतेक घरांची गल्लत होते. वाटा नको म्हटलं म्हणून माणूस वारसांच्या यादीतून जात नाही. दाखल्यावर त्यांचं नाव येणारच. वाटा सोडायचा असेल तर ते वेगळं हक्कसोडपत्र. घराचा हिस्सा सोडायचा तर ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. त्या दिवशी मी आजींचा अंगठा घेतला तो फक्त 'मी आई आहे, वारस आहे, अर्जाला हरकत नाही' एवढ्यावर. प्रमाणपत्र आल्यावर हक्कसोड करू, असं ठरलं. ताईही हो म्हणाल्या.

दुसऱ्या नोटिशीची मुदत संपायला नऊ दिवस असताना आजी गेल्या.

ताईंना वाटलं, आता पुन्हा तीनच वाटे. तसं होत नाही. मुलगा गेला त्या क्षणीच आईचा चौथा हिस्सा तिचा झालेला असतो, कोर्टाचा कागद नंतर येतो. आता ते 3 लाख आजींची मालमत्ता, आणि ती आजींच्या वारसांकडे जाणार. हिंदू स्त्रीच्या मागं तिचा नवरा, मुलगे, मुली, आणि आधी वारलेल्या मुलाची मुलं. आजींची अपत्यं तीन. भासऱ्यांना एक लाख, वर्ध्याच्या नणंदेला एक लाख आणि गेलेल्या मुलाच्या वाटचा एक लाख त्याच्या दोन मुलांत, पन्नास-पन्नास हजार. सून या ओळीत येत नाही. ताईंचे 3 लाख तेवढेच राहिले. हे त्यांना सांगताना मला जड गेलं. अंगठा दोन कागदांवर घेतला असता तर, हा विचार त्यांच्याही डोळ्यांत दिसत होता. त्या बोलल्या नाहीत.

मग आजींचा मृत्यूचा दाखला, त्यांच्या वारसांना रेकॉर्डवर घेण्याचा अर्ज, भासरे आणि नणंद दोघांची प्रतिज्ञापत्रं. अकरा महिन्यांनी आदेश झाला. दाखल्यावर विधवा, मुलगा, मुलगी, आणि 'मयत आई, तर्फे वारस' म्हणून खाली दोघं आणि परत तीच दोन मुलं. बँकेच्या बाईंनी तो कागद तीनदा वाचला. ही दोन नावं दोनदा का, म्हणून मला फोन केला.

प्रमाणपत्राची नक्कल घ्यायला भासरे आले होते. जाता जाता दारातच थांबले.

"मॅडम, आईचं गावच्या बँकेत खातं आहे. साठेक हजार असतील. त्याच्यावर नॉमिनी नाही. तिथं वारस म्हणून मी अन् माझी बहीण, दोघंच ना?"

"नाही भाऊ," मी म्हटलं. "या घरातली दोन्ही पोरंही."

ते जरा वेळ उभे राहिले. मग खिशातून पेन काढून कात्रणाच्या मागं दोघांची नावं लिहून घेतली.