तुम्ही विचारलंत म्हणून: नफ्यात वाटा जाहीर करताना काय बोलले

"ताई, सलूनच्या वर्धापनदिनाला तुम्ही स्टाफला नफ्यात वाटा जाहीर केलात म्हणे, भाषणात नक्की काय सांगितलंत? आणि नफा म्हणजे काय हे त्यांना कसं समजावलंत?"

टक्केवारी मी सगळ्यात शेवटी सांगितली, हे आधी सांगते, कारण कोथरूडमधल्याच दोघी-तिघी पार्लरवाल्या मैत्रिणी फक्त टक्के विचारायला फोन करतात. 20 टक्के. पण तो आकडा आधी बोलले असते ना तर पुढचं कोणी ऐकलंच नसतं. स्टाफसमोर नफा म्हटलं की प्रत्येकाच्या डोक्यात शनिवार-रविवारचा गल्ला येतो, आणि त्याचे 20 टक्के म्हणजे किती याचा हिशोब जागेवर सुरू होतो. म्हणून केक कापून झाल्यावर मी व्हाइटबोर्ड पुढे घेतला आणि एका तिमाहीचा हिशोब मांडला. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतले होते, पण खर्चाचं एकही नाव गाळलं नाही.

समजा तीन महिन्यांत जीएसटी सोडून 21 लाख जमा झाले. पहिल्यांदा यातले दीड लाख बाजूला काढले आणि विचारलं, हे का काढले असतील? कोणालाच सांगता येईना. ते पॅकेजचे पैसे. दिवाळीच्या ऑफरमध्ये क्लायंट 10 हजार भरते आणि वर्षभरात 12 हजारांच्या सर्व्हिस घेते, तर ज्या दिवशी तिने पैसे भरले त्या दिवशी आपण काहीच कमावलेलं नसतं, उलट तेवढं काम आपल्या अंगावर असतं. ते पैसे आत्ता नफा म्हणून वाटून टाकले तर मार्चमध्ये ती फेशियलला येईल तेव्हा क्रीमही आपल्या खिशातून आणि पगारही आपल्या खिशातून. ज्या महिन्यात सर्व्हिस दिली त्या महिन्यातच ते पैसे धरायचे, हा माझा सगळ्यात पक्का नियम आहे आणि तुम्ही अशी योजना करणार असाल तर यावर अजिबात तडजोड करू नका.

राहिले साडेएकोणीस. त्यातून पगार आणि इन्सेन्टिव्ह 8 लाख 10 हजार, भाडं 3 लाख, प्रॉडक्ट 2 लाख 10 हजार, लाइट-पाणी-लाँड्री-दुरुस्ती वगैरे 1 लाख 20 हजार. मग माझा स्वतःचा पगार, महिना 60 हजार म्हणजे तिमाहीचे 1 लाख 80 हजार. इथे थोडी कुजबुज झाली, पण मी स्पष्टच म्हटलं की मी पण खुर्चीमागे उभी राहून काम करते, माझा पगार खर्चात धरला नाही तर दिसणारा नफा खोटा असेल, आणि तो आकडा तुमच्यासमोर ठरलाय, मधेच मी तो वाढवणार नाही. शेवटी 60 हजार मशीन-खुर्च्यांच्या बदलीसाठी बाजूला, कारण स्टीमर किंवा एसी गेला की त्यासाठी कर्ज काढायची वेळ यायला नको. सगळं वजा जाता उरले 2 लाख 70 हजार, त्याचे 20 टक्के 54 हजार. 21 लाखांवरून 54 हजारांवर आलो तेव्हा खोली शांत होती, पण चेहरे पडले नाहीत, कारण प्रत्येक पायरी त्यांनी डोळ्यांनी बघितली होती.

मग आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, ताई, बिलावरचा जीएसटी 18 चा 5 झाला, मग आपला नफा वाढला ना? फार चांगला प्रश्न. 22 सप्टेंबर 2025 पासून सलूनच्या सर्व्हिसवर 5 टक्के झाले हे खरं, पण त्यासोबत इनपुट क्रेडिट गेलं. पूर्वी प्रॉडक्टवर किंवा दुकानाच्या भाड्यावर आपण भरलेला जीएसटी आपल्या देण्यातून वजा व्हायचा, आता तो थेट खर्चात बसतो. त्यामुळे बोर्डावरचे भाडं आणि प्रॉडक्टचे आकडे टॅक्ससकट लिहिलेले होते. क्लायंटला बिल कमी आलं म्हणून आपल्याकडे तेवढे उरले असं होत नाही.

वाटणी कशी, यावर मात्र खरी चर्चा झाली. मी सांगितलं की 54 हजार सगळ्यांच्या हजेरीच्या दिवसांवर वाटायचे, पोस्ट बघायची नाही. अकरा जणांचे मिळून 800 दिवस भरले तर एका दिवसाचे 67 रुपये 50 पैसे, आणि ज्याचे 72 दिवस भरले त्याला 4,860. एका सीनिअर स्टायलिस्टने उठून विचारलं, मी महिन्याला एवढा बिझनेस देतो आणि हाउसकीपिंगच्या मावशींना पण तेवढेच? मला तो प्रश्न अपमानाचा वाटला नाही, त्याचा हक्क आहे. मी म्हटलं, तुझ्या बिझनेसचं तुला इन्सेन्टिव्ह मिळतं आणि ते तसंच राहणार, एक रुपया कमी होणार नाही, दिवाळीचा बोनस पण वेगळाच. हे पैसे गल्ल्यावरचे नाहीत, खर्च वजा जाऊन जे उरतं त्यातले आहेत, आणि ते उरवण्यात मावशींचा हात तुझ्याइतकाच आहे.

त्याचं उदाहरण बोर्डाशेजारीच दाखवलं. एका बाउलमध्ये कलर आणि डेव्हलपर मिसळून आणलं होतं, खांद्यापर्यंतच्या केसांना आपण सवयीने काढतो तेवढं, आणि वजनकाट्यावर ठेवलं. मग लावून झाल्यावर साधारण जेवढं उरतं तेवढं दुसऱ्या बाउलमध्ये काढून त्याचंही वजन केलं. मिसळलेला कलर उद्यासाठी ठेवता येत नाही, डेव्हलपर मिसळला की तो काम करायला लागतो, म्हणजे ते थेट बेसिनमध्ये जातं. रोज, प्रत्येक खुर्चीवर. आता नियम असा की आधी कमी मिसळायचं, लागलं तर पुन्हा मिसळायचं, आणि प्रत्येक वेळी वजन कार्डावर लिहायचं.

पण इथेच एक धोका आहे आणि तो मी त्याच भाषणात सांगून टाकला. वाटा मिळणार म्हटल्यावर कोणीतरी क्लायंटच्या डोक्यावर काटकसर करणार, पातळ थर लावणार, मग पॅच राहणार आणि ती परत येणार. असं चाललंय हे कळतं कसं, तर कलरचा खर्च खाली येतो आणि रीडू, म्हणजे तेच काम पुन्हा करून द्यायची वेळ, वाढत जातात. म्हणून रिसेप्शनवर रीडूची वेगळी वही ठेवली आहे, आणि दर महिन्याला दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लावते. रीडूचं प्रॉडक्ट कोणाच्या पगारातून कापत नाही, ते नफ्यातूनच जातं, म्हणजे सगळ्यांचंच जातं.

महिन्याऐवजी तिमाही का, तर पितृपक्षात खुर्च्या रिकाम्या असतात, गणपतीत संध्याकाळच्या अपॉइंटमेंट रस्ते बंद म्हणून कॅन्सल होतात आणि लग्नसराईत जेवायला वेळ नसतो. एखाद्या महिन्याचा आकडा बघून ना आनंद मानावा ना दुःख. तिमाही तोट्यात गेली तर वाटा शून्य, आणि तो तोटा पुढच्या नफ्यातून आधी भरून निघणार. हे वाक्य मी मुद्दाम दोनदा म्हटलं. मधेच कोणी नोकरी सोडली तर भरलेल्या दिवसांचा वाटा त्याचाच, तो अडकवून ठेवायचा नाही.

हे सगळं दोन पानांवर मराठीत टाइप करून प्रत्येकाला दिलं, माझ्या सहीचं. पगारपत्रकात ही रक्कम वेगळ्या ओळीत आणि बँकेतूनच जाते, कारण ती त्यांच्या पगाराचाच भाग धरली जाते. एका मैत्रिणीच्या मिस्टरांनी तिला घाबरवलं होतं की असा वाटा दिला की स्टाफ पार्टनर होतो. तसं नाही, 1932 च्या भागीदारी कायद्यातच लिहिलंय की नोकराला मेहनतान्यापोटी नफ्यातला हिस्सा दिला तर तेवढ्यावरून तो भागीदार ठरत नाही. तरी आमच्या कागदावर ती ओळ सीएंकडून लिहून घेतली आहे, तुम्हीही तुमच्या सीएंना मसुदा दाखवा आणि मगच केक कापा.