गुहागरच्या दोन जागा: फोटोत सपाट, पावसात वेगळ्याच

दोन्ही जागा चिपळूण–गुहागर रस्त्यावर शृंगारतळीच्या आतल्या बाजूला, प्रत्येकी अकरा-बारा गुंठ्यांच्या. एजंटाने मे महिन्यात काढलेले फोटो पाठवले होते. त्यांत खालची जागा हिरवळीच्या मैदानासारखी दिसत होती आणि वरची अंगावर येणारी. फोटोंवर विश्वास ठेवला असता तर खालच्या जागेचा बयाणा तेव्हाच गेला असता. जुलैत, दोन दिवसांच्या संततधारेनंतर, दोन्ही जागा पायाखाली घातल्या आणि निकाल उलटा लागला. खालची जागा घेऊ नये. वरची घ्यावी, पण पाण्याची वाट स्वतः करून.

आधी उताराचं बघू, कारण फोटो सगळ्यात जास्त तिथेच फसवतो. मोबाईलची रुंद लेन्स लांबचं लहान करते, त्यामुळे समोरचा उतार निजल्यासारखा दिसतो. खालून वर काढलेल्या फोटोत तोच उतार भिंतीसारखा उभा राहतो. वरच्या जागेचा पहिला फोटो खालच्या रस्त्यावरून काढला होता. दुसरा वरच्या कुंपणापासून समुद्राकडे बघून काढलेला होता आणि खरी माहिती त्यात होती. समुद्र आणि आकाश मिळतात ती रेघ फोटोत नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर असते, म्हणजे ती फुकटात मिळालेली लेव्हल असते. खालच्या कुंपणाजवळ एक माणूस उभा होता आणि ती रेघ त्याच्या डोक्याच्या वर आणखी दोन माणसं मावतील इतकी उंच होती. साडेपाच फुटांची तीन माणसं म्हणजे साडेसोळा फूट. त्यातून कॅमेऱ्याची पाच फूट उंची वजा केली की साडेअकरा फूट उरतात. दोन कुंपणांमधलं अंतर शंभर फूट, म्हणजे उतार साडेअकरा टक्के. जागेवर पाण्याच्या नळीने मोजला तेव्हा बारा फूट भरला.

पाण्याची नळी म्हणजे पन्नास फूट पारदर्शक पाईप आणि फूटपट्टीच्या खुणा केलेल्या दोन काठ्या. पाईपात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं. म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय का ते बघा, मगच चालायला लागा. पाईपाची काही लांबी दोन्ही काठ्यांवर उभी जाते, म्हणून शंभर फुटांसाठी तीन टप्पे घ्यावे लागतात.

फोटोत समुद्र दिसत नसेल तर पोफळी किंवा विजेचा खांब बघा. त्याच्या कडेला कोऱ्या कागदाची कड लावली की कागदाची खालची बाजू आडवी लेव्हल देते. जमीन तिच्यापासून किती सुटते ते दिसतं. मात्र यातून डावी-उजवीकडचा उतारच कळतो, तुमच्याकडे येणारा नाही. खोडं बुंध्याशी वाकून वर सरळ झालेली असतील तर तिथली माती हळूहळू सरकत असण्याची शक्यता आहे. अशी झाडं रांगेने दिसली तर जागा सोडा.

बारा टक्के उतार घराला अडचणीचा नाही. तीस फूट खोलीच्या घराला मागच्या आणि पुढच्या कडेत साडेतीन फुटांचा फरक पडतो. मागे दीड फूट जोतं धरलं तर पुढे पाच फूट येतं, आणि ते चिऱ्यात सहज बांधता येतं. डोंगर कापून जागा सपाट करू नका. खालच्या जागेत नेमकं तेच केलेलं आहे.

तिथे जेसीबीने मागचा डोंगर बारा फूट उभा कापला आहे आणि निघालेली माती पुढे पसरून हिरवळ केली आहे. म्हणजे जे मैदान दिसतं त्याचा पुढचा अर्धा भाग भरावाचा आहे. मेच्या फोटोंत कापलेली बाजू कडेने छाटलेली होती. तरी एका फोटोच्या कोपऱ्यात ती दिसते, आणि जमिनीपासून हातभर वर एक काळपट आडवा पट्टा दिसतो. फोटो मोठा करून बघा. पट्ट्याच्या वर भोकाभोकांचा जांभा आहे आणि खाली पिवळट-पांढरी, साबणासारखी गुळगुळीत माती. जांभा पाणी झिरपू देतो, खालची माती देत नाही. म्हणून दोहोंच्या सांध्यातून पाणी बाहेर येतं. मेमध्येही तिथे शेवाळ होतं. जुलैत त्या पट्ट्यातून बोटभर जाडीच्या सात धारा वाहत होत्या आणि खालची माती बोटाने खरवडली जात होती. ती बाजू ढासळणार. ती अडवायला दगडी भिंत, भिंतीमागे खडीचा थर आणि पाणी सुटायला भोकं लागतील, आणि हा खर्च जागेच्या किमतीत कुठेच धरलेला नाही.

पाण्याचा अंदाजही आधी घेता येतो. वरून साधारण एक एकराचं पाणी या जागेत उतरतं. तासाला पन्नास मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याचा साठ टक्के भाग वाहून आला, तर सेकंदाला सुमारे चौतीस लिटर पाणी होतं. तिथे टाकलेला पाईप सहा इंची आहे. चांगल्या उतारावरही तो सेकंदाला वीसेक लिटरच नेतो, त्यामुळे उरलेलं पाणी हिरवळीवरूनच जातं. कुंपणाच्या तारेला गुडघ्याइतक्या उंचीवर पालापाचोळा अडकलेला आहे, तोच पुराचा दाखला. मेच्या फोटोतली ‘हिरवळ’ निम्मी लव्हाळ्याची आहे. उन्हाळ्यात लव्हाळा हिरवा असेल तर खाली पाणी आहे. वरच्या जागेला वरच्या कुंपणालगत दोन फूट रुंद चर खणून पाणी बाजूच्या पऱ्यात सोडता येतं. खालच्या जागेला पाणी सोडायला शेजाऱ्याच्या वाफ्याशिवाय जागाच नाही.

आणि रस्ता! खालच्या जागेचे शेवटचे सहाशे फूट हा या सगळ्यातला सर्वांत वाईट भाग आहे. फोटोत त्यावर मोटार उभी आहे, म्हणून तो ‘गाडीरस्ता’. मोजल्यावर सर्वांत अरुंद ठिकाणी तो नऊ फूट भरला आणि तेही वळणावर. त्या वळणात पन्नास फुटांत आठ फूट चढ आहे, म्हणजे सोळा टक्के, तोही लाल मातीचा. ट्रक आठ फूट रुंद असतो आणि वळताना मागची चाकं आतून कापत येतात, त्यामुळे नऊ फुटांत तो वळूच शकत नाही. मोटारसुद्धा पावसात दुसऱ्या प्रयत्नात चढली. चिऱ्याचा ट्रक डांबरी रस्त्यावर रिकामा करायचा आणि पिकअपने माल आत न्यायचा, हा एकच मार्ग. सहाशे फुटांच्या एका फेरीला नऊशे रुपये सांगितले, हा दर लुटीचा आहे. एका ट्रकच्या तीन फेऱ्या आणि घराचे चाळीस ट्रक धरले तर फक्त या तुकड्याचे एक लाख आठ हजार होतात. मजुरी वेगळी.

रुंदीकरण करू म्हणाल तर रस्ता दुसऱ्याच्या गटातून जातो. गावनकाशावर तिथे फक्त पायवाट आहे आणि त्या गटाच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात रस्त्याची नोंद नाही. ‘सगळे जातात हो’ हे एजंटाचं उत्तर. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतात, पण ती शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी. घराच्या मालाचे ट्रक त्या भरवशावर ठेवू नका. वरच्या जागेची एक बाजू सरळ ग्रामपंचायतीच्या डांबरी रस्त्याला लागते. तिथे हा प्रश्नच येत नाही.

देशावरून जाणाऱ्यांनी कुंभार्ली घाटातून दिवसाउजेडी जावं आणि पकड असलेले बूट घालावेत. गुहागरात राहायला-जेवायला काही अडत नाही. निघण्याआधी एजंटाकडून चारही कोपऱ्यांतून आत बघणारे, छातीच्या उंचीवर फोन सरळ धरून, झूम बदल न करता काढलेले फोटो मागा, प्रत्येकात दूरच्या कोपऱ्यावर एक माणूस उभा करून. रस्त्याचा फोटो नको, फाट्यापासून जागेपर्यंत न थांबवता काढलेला व्हिडिओ हवा, आणि तोही जोराचा पाऊस थांबल्यावर तासाभरात काढलेला. ‘पाऊस उघडल्यावर पाठवतो’ असं उत्तर आलं तर बयाणा देऊ नका, आधी मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे जागेच्या हद्दी दाखवणारा सरकारी मोजणीचा नकाशा, मागवा.