हिरवं बटण दाबलं आणि मोटर बंद पडली

कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी आम्ही व्हीआरमध्ये प्रशिक्षणाचा प्रोग्राम बनवत होतो. नवीन पोरांनी खऱ्या पॅनेलला हात लावण्याआधी हेडसेट घालून सराव करायचा, एवढंच काम. चाचणीच्या दिवशी पहिले बसले ते तिथले जुने फोरमन. सगळे त्यांना आप्पा म्हणतात.

पॅनेलवर नेहमीची २२ मिलिमीटरची दोन बटणं होती, वर हिरवं, त्याच्या चार सेंटिमीटर खाली लाल. आप्पांना सांगितलं होतं, मधल्या बोटाखालचं ग्रिप बटण घट्ट धरा, म्हणजे मूठ वळते आणि तर्जनी सरळ राहते. त्या बोटानं बटण दाबा. त्यांनी दाबलं. चालू असलेली मोटर बंद पडली.

"आरं, मी हिरवंच दाबलं की! ही बंद का झाली?"

मोटर पुन्हा चालू करून दिली. परत दाबलं, परत तेच. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला कंट्रोलरच्या ट्रॅकिंगवर संशय होता. पण त्यांचं मनगट स्क्रीनवर अगदी जागेवर होतं. फक्त तर्जनी किंचित वाकलेली दिसत होती, आणि लाल बटणाला टेकत होतं ते तिचंच टोकाचं पेर.

प्रोग्राममधला हात कसा चालतो ते सांगतो. कंट्रोलरकडून दोन आकडे येतात, ग्रिप आणि तर्जनीखालचा ट्रिगर किती दाबलाय त्याचे, दोन्ही ० ते १ मधले. युनिटी या गेम इंजिनात अशा आकड्यांनुसार मुद्रा एकमेकींत मिसळणारी ब्लेंड ट्री असते. तिच्या `2D Freeform Cartesian` प्रकारात चार कोपऱ्यांवर हाताच्या चार मुद्रा ठेवलेल्या: मोकळा हात, चिमूट, तर्जनी दाखवणारा हात आणि बंद मूठ. ग्रिप १ आणि ट्रिगर ० असेल तर तर्जनी सरळ. ट्रिगर वाढेल तसतशी ती मुठीकडे वळत जाते.

मनगटाजवळ दोन्ही आकडे दिसतील अशी पाटी लावली आणि आप्पांना पुन्हा बसवलं. ग्रिप १. ट्रिगर ०.२. आकडा थरथरत नव्हता, ०.२ वर ठाम होता. म्हणजे सेन्सरचा गोंधळ नव्हे, बोटच खरोखर दाबत होतं. आप्पांचं आयुष्य पान्हे आवळण्यात गेलेलं. त्यांनी "घट्ट धरा" मनावर घेतलं होतं. मूठ जोरात आवळली की ट्रिगरवर ठेवलेली तर्जनीही थोडी ओढली जाते, कारण आपली बोटं एकमेकांपासून पूर्ण सुटी नसतात. आम्ही ऑफिसातली माणसं कंट्रोलर हलक्या हातानं धरतो, त्यामुळे आमच्याकडे हे कधी दिसलंच नव्हतं.

०.२ हा आकडा छोटा वाटतो, पण हिशेब करून बघा. आमच्या मुठीच्या मुद्रेत तर्जनीचे तीन सांधे ७०, ९० आणि ५० अंश वळलेले होते. त्याचा पाचवा हिस्सा म्हणजे १४, १८ आणि १०. हे कोन बोटभर एकावर एक साठत जातात, त्यामुळे टोकाचं पेर सरळ रेषेपासून ४२ अंश झुकतं. पेरांची लांबी साडेचार, अडीच आणि दोन सेंटिमीटर धरली तर बोटाचं टोक जवळपास पावणेचार सेंटिमीटर खाली येतं. लाल बटण बरोब्बर तिथंच होतं.

सहकारी म्हणाला, "स्मूदिंग वाढवूया." त्यानं काही साधलं नसतं. स्मूदिंगनं बोट ०.२ वर सावकाश पोचलं असतं, पण पोचलं असतंच. हवा होता डेडझोन, म्हणजे ज्याच्या खालचा आकडा शून्यच धरायचा अशी मर्यादा, तीही ग्रिपबरोबर वाढणारी. सरसकट मोठा ठेवला असता तर मोकळ्या हातानं हलकी चिमूट करणाऱ्याचं बोट उशिरा हललं असतं.

```
float dz = Mathf.Lerp(0.05f, 0.35f, grip);
float curl = Mathf.InverseLerp(dz, 1f, trigger);
animator.SetFloat("Trigger", curl);
animator.SetFloat("Grip", grip);
```

मूठ मोकळी असताना ०.०५ च्या खालचं दुर्लक्षित, पूर्ण आवळलेली असताना ०.३५ च्या खालचं. `InverseLerp` उरलेला भाग पुन्हा ० ते १ वर ताणतं, म्हणून ट्रिगर पूर्ण दाबला की बोटही पूर्ण वळतं. नुसती वजाबाकी केली असती तर मूठ शेवटपर्यंत मिटलीच नसती.

आप्पांनी परत हिरवं दाबलं, मोटर चालू. लगेच त्यांनी पुढचा ड्रिलिंगचा प्रसंग उघडला आणि म्हणाले, "बोट हललं न्हाई, तरी ड्रिल फिराय लागलं." खरंच होतं. ड्रिल मूळ ट्रिगरच्या ०.३ ला सुरू व्हायचं आणि मूठ आवळलेल्या हाताचं बोट आता ०.३५ नंतर हलत होतं. ड्रिलची मर्यादा ०.५ वर नेली. तिथं बोट साधारण पावभाग वळलेलं असतं. मग त्यांनी चहा येईपर्यंत हेडसेट काढलाच नाही.