घटसर्पाचा पडदा ओढून का काढायचा नसतो

कापूसवेचणीच्या दिवसांत झरी-जामणी तालुक्यातल्या एका वस्तीवरून सात वर्षांची मुलगी यवतमाळला आमच्या कान-नाक-घसा विभागात आली. आजाराचा चौथा दिवस होता. ताप बेताचाच होता, पण गळा दोन्ही बाजूंनी सुजला होता आणि श्वास आत घेताना कर्कश आवाज येत होता. श्वास असा वाजत असताना मूल रडले तर वाट एकाएकी बंद होऊ शकते, म्हणून तिला आईच्या मांडीवरच बसवून, श्वासनलिकेला छेद देण्याची तयारी हाताशी ठेवून मी घसा क्षणभरच पाहिला. टॉन्सिलपासून पडजिभेपर्यंत राखाडी, चामड्यासारखा पडदा पसरला होता.

"डाक्टरसायेब, थे पांढरं काहाडून टाका ना," आजी कळवळून म्हणाल्या.

मागणी रास्त वाटावी अशीच होती. पण हा पडदा वरून साचलेला थर नसतो. जंतूंच्या विषाने मेलेल्या पेशी, रक्तातून झिरपलेले, रक्त गोठवणारे फायब्रिन हे प्रथिन आणि खुद्द जंतू यांचा तो बनतो आणि खालच्या जिवंत आवरणात रुतून बसतो. ओढला तर रक्त येते, सूज वाढते, आणि सुटलेला तुकडा खाली स्वरयंत्रात अडकू शकतो. लहान मुलाचे स्वरयंत्र इतके अरुंद असते, की थोड्याशा सुजेनेही श्वासाची वाट निम्म्याहून कमी होते.

घशातला नमुना प्रयोगशाळेत पाठवला, पण अहवालाची वाट पाहिली नाही. घोड्याच्या रक्तापासून बनवलेले प्रतिविष रक्तात फिरणारे विषच निकामी करते. पेशींत शिरलेल्या विषापुढे त्याचा इलाज चालत नाही, त्यामुळे गेलेला प्रत्येक तास परत मिळत नाही. आधी त्याची ॲलर्जी येते का ते तपासून, तीव्र ॲलर्जी आलीच तर म्हणून ॲड्रेनलिन भरून ठेवून, ८०,००० युनिट सलाईनमधून सावकाश दिले. जंतू मारण्यासाठी पेनिसिलिन सुरू केले.

तरीही प्रतिविषाने पडदा लगेच विरघळत नाही. त्याचे पसरणे थांबते आणि तो हळूहळू सैल होतो. त्या रात्री मुलगी कासावीस झाली, बरगड्यांखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जाऊ लागली. आम्ही शस्त्रक्रियागृहात श्वासनलिकेला छेद दिला. नळीतून शोषून घेताना पडद्याची एक राखाडी पट्टी बाहेर आली, म्हणजे तो स्वरयंत्राच्याही खाली उतरला होता. श्वासाचा आवाज थांबला आणि ती झोपली.

हृदयाची धास्ती मात्र राहिली, कारण विषाचा परिणाम तिथे पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात उमटतो. म्हणून ईसीजी वारंवार काढत राहिलो.

तिच्या लसीकरणाच्या कार्डावर घटसर्पाच्या लसीचे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांचे डोस नोंदलेले होते. दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा बूस्टर मात्र कोरा होता. या लसीतले निष्प्रभ केलेले विष शरीराला स्वतःचे प्रतिविष तयार करायला शिकवते, पण ही तयारी काळानुसार ओसरते, आणि बूस्टर त्यासाठीच असतो. आजार झाल्यानेही खात्रीचे संरक्षण मिळत नाही, म्हणून बरी झाल्यावर घरी सोडण्यापूर्वी तिला टीडी ही धनुर्वात आणि घटसर्पाची लस दिली. तिच्या दोन्ही भावांच्या घशाचे नमुने घेऊन त्यांना प्रतिजैविक सुरू केले, आणि त्यांचे राहिलेले डोसही दिले.