क्रियापद कुणाचं?

चेवनिंगच्या अर्जात आमच्याकडची निम्मी मुलं दुष्काळ लिहितात. ब्रिटिश सरकारची ही शिष्यवृत्ती, वर्षभराच्या मास्टर्ससाठी. पण तिला हलाखी ऐकायची नसते. नेतृत्व आणि प्रभाव यावर वेगळा निबंधच मागतात, म्हणजे तुमच्यामुळे दुसरं कोण काय वेगळं वागलं ते सांगा.

बीडकडची ही मुलगी एका संस्थेत अडीच वर्षं काम केलेली. अर्जाला लागणारे कामाच्या अनुभवाचे २,८०० तास भरत होते. पहिल्या मसुद्यात एप्रिल २०१६ची पाण्याची रेल्वे, मिरजेहून लातूरला आलेली. मामाकडे असताना घागर घेऊन ती रांगेत उभी होती. लिहिलेलं सुरेखच होतं.

मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून दिलं. नऊ अनुभव निघाले. प्रत्येकाला तीन प्रश्न लावले : क्रियापद कुणाचं? नाही कोण म्हणालं? तू निघून आल्यावर काय उरलं? रेल्वे पहिल्यालाच पडली. आली ती रेल्वे, हिनं फक्त वाट पाहिली. वक्तृत्वाच्या ढालीला कुणी नाही म्हणालंच नव्हतं. वृक्षारोपणाचा फोटो तेवढा उरला होता.

सातव्या ओळीत नुसतं ‘मुकादमाची वही’. विचारल्यावर हळूहळू सांगायला लागली. ऊसतोडीच्या वहीत नाव, कोयते आणि उचल असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. लेकरं कुठंच नाहीत. गाड्या निघायच्या आधी प्रत्येक कोयत्यापुढं लेकराचं नाव आणि ते गावात कुणापाशी राहणार, एवढं लिहा, असा हिचा हट्ट. मुकादम म्हणाला, “पोरं मोजायला मी मास्तर हाय का?” तिनं त्याच्याच वहीतली मागच्या हंगामाची फिटायची राहिलेली उचल काढून दाखवली. त्यातल्या दोन कोयत्यांचे खाडे लेकरू फडावर आजारी पडल्यानं झाले होते. मुकादमानं पेन मागितला. बावीसपैकी चौदा आजी-आजोबांपाशी राहिली, शाळेत गेली. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या तालुक्यात होती, तरी त्यानं तो रकाना आखला. तिन्ही प्रश्नांना उत्तर मिळालं. निबंध त्यावरच झाला.

नववी ओळ होती ‘भाऊ फडावर गेला’. ती मी खोडली. क्रियापद भावाचं, शिवाय पुन्हा रडगाण्याकडं जाणारं. असल्या खोडण्यात माझा हात फार चालतो, हेही खरं.

मुलाखतीत त्यांनी नेमकं विचारलं, राहिलेल्या आठांचं काय? ती म्हणाली, “त्यातला एक माझा भाऊ होता.” पुढं तिला बोलता आलं नाही. निकालात नाव राखीव यादीत आलं.

परवा तिचा फोन आला, पुढच्या वर्षी पुन्हा भरते म्हणाली. मी ते कॅलेंडरचं पान काढलं आणि नवव्या ओळीचं विचारलं.

“सर, आई नको म्हणत होती. घरी आजी नव्हती, मला कामाला जायचं होतं. गाडीत त्याला मीच बसवलं.”